एकाच वर्गात शिकणारे विद्यार्थी आणि फुगलेली सार्थकता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन अध्यापन पद्धतींची तुलना करताना बहुतेक वेळा संपूर्ण वर्गच एका पद्धतीला दिला जातो, आणि विश्लेषण मात्र प्रत्येक विद्यार्थी स्वतंत्रपणे निवडला असल्यासारखे केले जाते. खालील प्रश्नोत्तरे या एकाच विसंगतीविषयी आहेत. सोयीसाठी बहुतेक उत्तरांत एकच काल्पनिक अभ्यास वापरला आहे. त्यात २० वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गात ३० विद्यार्थी आहेत. चिठ्ठ्या टाकून १० वर्गांना नवी पद्धत दिली आणि उरलेल्या १० वर्गांत नेहमीची पद्धत चालू ठेवली. सत्राच्या शेवटी सर्वांना एकच उत्तरचाचणी दिली. गुणांचे प्रमाण विचलन १० आहे आणि नव्या पद्धतीच्या गटाचे मध्यमान २.५ गुणांनी जास्त आले आहे.

चाचणी ६०० विद्यार्थ्यांनी दिली आहे. मग नमुना ६०० का धरू नये?

कारण नवी पद्धत कोणाला मिळेल हे ६०० वेळा ठरले नाही, ते २० वेळाच ठरले. एखादा वर्ग नव्या पद्धतीकडे गेला की त्यातले तीसही विद्यार्थी एकाच वेळी तिकडे गेले. त्यांच्याबरोबर त्यांचा शिक्षक, त्यांचे वेळापत्रक, त्यांच्या वर्गातली शिस्त किंवा तिचा अभाव, असे सगळेच नव्या पद्धतीच्या खात्यात जमा झाले.

नेहमीचे टी-परीक्षण असे गृहीत धरते की एका विद्यार्थ्याचे गुण कळल्याने दुसऱ्याच्या गुणांविषयी गटाच्या सरासरीपलीकडे काहीही कळत नाही. एकाच वर्गातील दोन विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे खरे नसते. एकाचे गुण बरे असतील, तर त्याच वर्गातील दुसऱ्याचेही थोडे बरे असण्याची शक्यता वाढते. त्यामुळे वर्गातील तिसावा विद्यार्थी पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. त्याच्या गुणांतला काही भाग आधीच्या एकोणतीस जणांनी सांगून झालेला असतो.

एका वर्गातील विद्यार्थ्यांचे गुण एकमेकांजवळ येतात ते का?

पहिले कारण सर्वांच्या लक्षात येते, ते म्हणजे शिक्षक. दुसरे कारण प्रयोग सुरू होण्याआधीचे असते. विद्यार्थी वर्गांत क्वचितच निव्वळ योगायोगाने वाटलेले असतात. काही ठिकाणी आधीच्या गुणांवरून तुकड्या पाडतात, काही ठिकाणी विषयनिवडीवरून वर्ग ठरतात, आणि एका शाळेत येणारी मुले बहुधा एकाच परिसरातली व मिळत्याजुळत्या आर्थिक परिस्थितीतली असतात. तिसरे कारण म्हणजे मुलांचा एकमेकांवर होणारा परिणाम. वर्गात प्रश्न विचारण्याची सवय रुजली तर ती सर्वांना उपयोगी पडते, आणि सतत व्यत्यय येत असेल तर त्याची किंमतही सर्वच मोजतात.

चौथे कारण सहसा नजरेतून सुटते. चाचणी वर्गानुसार घेतली जाते. एका वर्गात सूचना नीट वाचून दाखवल्या गेल्या, दुसऱ्यात वेळ पाच मिनिटे कमी पडला, तिसऱ्यात पर्यवेक्षकाने एका प्रश्नाचा अर्थ समजावून सांगितला. अशा घटना अध्यापनाशी काहीही संबंध नसताना त्या वर्गातील सर्वांचे गुण एकाच दिशेने सरकवतात. म्हणूनच ‘आमचे शिक्षक सारख्याच प्रशिक्षणाचे आहेत, तेव्हा हा प्रश्न आम्हाला लागू नाही’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

हे साम्य आकड्यात कसे मांडतात?

त्यासाठी वर्गांतर्गत सहसंबंध हा गुणांक वापरतात. गुणांतील एकूण प्रचरणाचे दोन भाग करायचे : वर्गांच्या सरासऱ्या एकमेकींपासून वेगळ्या असल्यामुळे आलेला भाग, आणि वर्गाच्या आत विद्यार्थी एकमेकांपासून वेगळे असल्यामुळे आलेला भाग. पहिल्या भागाचे एकूण प्रचरणाशी असलेले गुणोत्तर म्हणजे हा सहसंबंध.

आपल्या उदाहरणात प्रमाण विचलन १० आहे, म्हणजे एकूण प्रचरण १०० आहे. त्यातले २० वर्गावर्गांतील फरकामुळे आणि ८० वर्गाच्या आतील फरकामुळे आले आहे असे समजू. मग वर्गांतर्गत सहसंबंध ०.२० होतो. हा आकडा उदाहरणापुरता ओढूनताणून घेतलेला नाही. शैक्षणिक हस्तक्षेपांवरील संशोधनाचे परीक्षण करणारी अमेरिकेतील ‘व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस’ ही यंत्रणा एखाद्या अभ्यासाने हा गुणांक दिला नसेल तर संपादन चाचण्यांसाठी ०.२० आणि वर्तन वा अभिवृत्तीच्या मापनासाठी ०.१० धरून दुरुस्ती करते.

०.२० ऐकायला लहान वाटतो, कारण सहसंबंधाचा आकडा म्हटला की आपल्याला ०.६ किंवा ०.७ पाहण्याची सवय असते. तो लहान नाही हे पुढच्या उत्तरातून दिसेल.

आपल्या उदाहरणात नेमका किती फरक पडतो?

आधी वर्ग विसरून हिशेब करू. दोन्ही गटांत ३००-३०० विद्यार्थी आहेत. प्रत्येक गटाच्या मध्यमानाचे प्रचरण १०० भागिले ३०० इतके आहे. दोन्हींची बेरीज करून वर्गमूळ काढले की दोन मध्यमानांतील फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.८२ येते. २.५ ला ०.८२ ने भागले की टी-मूल्य सुमारे ३.०६ येते, स्वाधीनता मात्रा ५९८ आणि पी-मूल्य ०.००२ च्या आसपास. प्रबंधात ‘०.०१ स्तरावर सार्थक’ असे लिहिले जाते.

आता वर्ग लक्षात घेऊ. एका वर्गाच्या सरासरीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : त्या वर्गाचे स्वतःचे वेगळेपण, ज्याचे प्रचरण २० आहे, आणि त्यातल्या तीस विद्यार्थ्यांचे व्यक्तिगत चढउतार, ज्यांचे प्रचरण ८० भागिले ३०, म्हणजे २.६७ उरते. एकूण २२.६७. प्रत्येक गटात असे दहा वर्ग आहेत, म्हणून गटाच्या मध्यमानाचे प्रचरण २.२६७ होते, आणि दोन गटांतील फरकाचे ४.५३. त्याचे वर्गमूळ २.१३ ही खरी प्रमाण त्रुटी. टी-मूल्य आता १.१७ येते, स्वाधीनता मात्रा १८ उरते आणि पी-मूल्य जवळपास ०.२६ होते.

फरक तोच २.५ गुणांचा आहे आणि विद्यार्थीही तेच आहेत. बदलला आहे तो फक्त अनिश्चिततेचा अंदाज. पहिल्या हिशेबात ९५ टक्के विश्वास अंतराल ०.९ ते ४.१ असे येते. दुसऱ्यात ते उणे २.० पासून ७.० पर्यंत पसरते. दुसरे अंतराल सांगते की नवी पद्धत बरीच चांगली असू शकेल किंवा थोडी वाईटही असू शकेल, आणि वीस वर्गांच्या या अभ्यासाला त्यापलीकडे काही ठरवता आलेले नाही.

दर वेळी एवढा लांब हिशेब करावा लागतो का?

नाही. वर्ग समान आकाराचे असतील तर ‘आराखडा परिणाम’ नावाचा एक गुणक पुरतो. नमुना सर्वेक्षणाच्या क्षेत्रात तो लेस्ली किश यांनी १९६५ मध्ये रूढ केला. सूत्र असे :

१ + (एका वर्गातील विद्यार्थी − १) × वर्गांतर्गत सहसंबंध

आपल्यासाठी १ + २९ × ०.२० = ६.८. खरे प्रचरण समजल्यापेक्षा ६.८ पट आहे, आणि प्रमाण त्रुटी ६.८ च्या वर्गमूळाइतकी, म्हणजे सुमारे २.६ पट. ६०० ला ६.८ ने भागले की ८८ येतात. वीस वर्गांतील या ६०० विद्यार्थ्यांनी दिलेली माहिती ८८ स्वतंत्र विद्यार्थ्यांनी दिली असती तेवढीच आहे.

सूत्रातील गुणाकाराकडे नीट पाहावे. सहसंबंध लहान असला तरी त्याला वर्गाच्या आकाराने गुणले जाते, म्हणून त्याचा परिणाम लहान राहत नाही.

‘सार्थकता फुगते’ म्हणजे प्रत्यक्षात काय होते?

नव्या पद्धतीचा काहीही परिणाम नाही असे धरू, आणि हाच अभ्यास पुन्हा पुन्हा केला असे समजू. ०.०५ या स्तराचा अर्थ असा की शंभरातून सुमारे पाच वेळा तरी आपण केवळ योगायोगाला परिणाम म्हणून बसू. ही किंमत आपण जाणूनबुजून स्वीकारलेली असते.

वर्ग विसरून केलेल्या परीक्षणात फरक १.९६ गुणिले ०.८२, म्हणजे १.६ गुणांच्या पलीकडे गेला की तो सार्थक ठरतो. परंतु फरकाची खरी चढउतार २.१३ इतकी आहे. म्हणजे खऱ्या मापाने पाहिले तर आपण केवळ पाऊण प्रमाण त्रुटीच्या अंतरावर उंबरठा ठेवला आहे, आणि तो शंभरातून सुमारे ४५ वेळा योगायोगानेच ओलांडला जातो. संशोधक प्रबंधात पाच टक्के लिहितो, आणि प्रत्यक्षात चुकीच्या निष्कर्षाची शक्यता नाणेफेकीच्या जवळ गेलेली असते. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे, कारण कोणताही परिणाम नसलेली पद्धत ‘सिद्ध’ झाली की तिच्यावर आधारलेले प्रशिक्षण, साहित्य आणि मुलांचा वेळ हे सगळे त्या पंचेचाळिसांत मोडणाऱ्या एका योगायोगावर उभे राहते.

यात अंदाज एका बाजूला झुकत नाही, हेही समजून घ्यावे. वर्ग यादृच्छिकपणे वाटले असतील तर २.५ हा फरकाचा अंदाज निःपक्षपातीच आहे. दोष आहे तो त्या अंदाजावर दाखवलेल्या खात्रीत.

असे खरोखर घडल्याचे एखादे ज्ञात उदाहरण आहे का?

आहे, आणि ते बरेच गाजलेले आहे. इंग्लंडमध्ये नेव्हिल बेनेट यांनी प्राथमिक शाळांतील अध्यापन शैलींचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात औपचारिक, अनौपचारिक आणि मिश्र शैलीच्या एकूण ३७ शिक्षकांच्या वर्गांतील मुलांच्या प्रगतीची तुलना होती. औपचारिक शैलीने शिकलेल्या मुलांची प्रगती अधिक, असा निष्कर्ष निघाला आणि त्यावर मोठी सार्वजनिक चर्चा झाली. त्या विश्लेषणात एकक होते विद्यार्थी.

१९८१ मध्ये मरे एटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच माहितीचे पुनर्विश्लेषण केले. मुले वर्गांत गटागटाने बसलेली आहेत हे हिशेबात घेतल्यावर शैलींमधील फरक सार्थक राहिला नाही. या पुनर्विश्लेषणात शिक्षकांची शैलीनुसार वर्गवारीही नव्याने केली होती, त्यामुळे सगळा बदल वर्गांच्या हिशेबामुळेच झाला असे म्हणणे अचूक होणार नाही. पण शेकडो मुलांच्या मागे तीन डझन शिक्षकच आहेत, ही गोष्ट त्यानंतर कोणाला दुर्लक्षिता आली नाही. या पुनर्विश्लेषणावरील एका लेखात स्वतः बेनेट सहलेखक होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हा धोका तेव्हा पहिल्यांदाच लक्षात आला असेही नाही. ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी शैक्षणिक संशोधनातील सांख्यिकीवर लिहिताना १९४० मध्येच त्याची चर्चा केली होती.

आमचा वर्गांतर्गत सहसंबंध तपासला, तो सार्थक नाही. आता वर्ग विसरले तर चालेल का?

ही वाट बरीच प्रचलित आहे आणि ती टाळावी. वीस वर्गांवरून काढलेला सहसंबंध स्वतःच फार डळमळीत असतो. त्याचे परीक्षण ‘सार्थक नाही’ असे सांगते तेव्हा सहसंबंध शून्य असल्याचा तो पुरावा नसतो. बहुतेक वेळा तो वर्गांची संख्या अपुरी असल्याचा पुरावा असतो.

लहान सहसंबंधही निरुपद्रवी नसतो. तीस विद्यार्थ्यांच्या आपल्या वर्गांत तो ०.०५ असला, तर आराखडा परिणाम २.४५ होतो आणि पाच टक्क्यांच्या ठिकाणी चुकीच्या निष्कर्षाचे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. ०.०१ असतानाही ते आठ टक्क्यांच्या वर जाते. पद्धत वर्गाला दिली असेल तर विश्लेषणात वर्ग असलाच पाहिजे. हा निर्णय आराखड्यावरून घ्यायचा असतो, हाती आलेल्या गुणांकावरून नाही.

मग प्रत्येक वर्गातले विद्यार्थी वाढवून हा प्रश्न सुटतो का?

थोडाच सुटतो, आणि लवकरच थांबतो. प्रत्येक वर्गात तीसऐवजी साठ विद्यार्थी घेतले, म्हणजे एकूण १,२०० जणांची चाचणी घेतली, तर प्रमाण त्रुटी २.१३ वरून २.०७ वर येते. दुप्पट उत्तरपत्रिका तपासून एवढीच कमाई. वर्गात अगणित विद्यार्थी असले तरी ती २.० च्या खाली जाणार नाही, कारण वर्गावर्गांतील फरकाचे प्रचरण २० हे विद्यार्थी वाढवून कमी होत नाही.

तेच १,२०० विद्यार्थी ४० वर्गांतून घेतले, तर प्रमाण त्रुटी १.५१ होते. म्हणून श्रम मर्यादित असतील तर एका वर्गातून कमी विद्यार्थी घेऊन जास्त वर्ग गाठणे जवळजवळ नेहमीच शहाणपणाचे असते. अडचण अशी की नवा वर्ग म्हणजे नवा शिक्षक, नवी परवानगी आणि नवे वेळापत्रक. हे कष्टाचे काम आहे, आणि त्याला उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याचा पर्याय नाही.

नेमके कोणते विश्लेषण करावे?

सर्वांत साधा मार्ग लोकांना इतका साधा वाटतो की ते तो वापरत नाहीत. प्रत्येक वर्गाची सरासरी काढावी आणि त्या वीस आकड्यांवर नेहमीचे टी-परीक्षण करावे. पद्धत वर्गाला दिलेली असेल आणि वर्ग साधारण सारख्या आकाराचे असतील, तर हे विश्लेषण पूर्णपणे वैध आहे. ‘आर’ या संगणकीय भाषेत ते दोन ओळींचे काम आहे :

```
s <- aggregate(gun ~ varg + paddhat, data = d, FUN = mean)
t.test(gun ~ paddhat, data = s, var.equal = TRUE)
```

येथे `varg` मध्ये प्रत्येक वर्गाचा वेगळा क्रमांक असावा. दोन शाळांतील ‘सातवी अ’ एकाच नावाने नोंदवले गेले, तर संगणक त्यांना एकच वर्ग समजू शकतो आणि निकाल नकळत चुकतो. अशी चूक पकडायला सोपी आहे : `length(unique(d$varg))` चे उत्तर वीस येते का, ते पाहावे.

दुसरा मार्ग बहुस्तरीय प्रतिमानाचा. त्यात विद्यार्थी आणि वर्ग हे दोन्ही स्तर राहतात, वर्गांचे आकार असमान असले तरी चालते आणि विद्यार्थ्याची वैयक्तिक माहितीही वापरता येते :

```
library(lmerTest)
m <- lmer(gun ~ paddhat + (1 | varg), data = d)
summary(m, ddf = "Kenward-Roger")
```

शेवटच्या ओळीतील पर्याय सजावटीसाठी नाही. वर्ग कमी असताना स्वाधीनता मात्रा नीट ठरवली नाही तर बहुस्तरीय प्रतिमानही जास्त खात्री दाखवते. आपल्या उदाहरणात ही मात्रा अठराच्या आसपास आली पाहिजे. ती पाचशेच्या घरात दिसली, तर बहुधा वर्गाचा स्तंभ चुकला आहे किंवा वर्गावर्गांतील प्रचरणाचा अंदाज शून्यावर येऊन अडकला आहे.

तिसरा मार्ग म्हणजे साधे समाश्रयण करून प्रमाण त्रुटी वर्गानुसार दुरुस्त करणे. वर्ग भरपूर असतील तर हा चांगला मार्ग आहे, पण वीसच वर्ग असताना त्याची मूळ आवृत्ती प्रमाण त्रुटी कमी दाखवते. अशा वेळी लहान नमुन्यासाठीची दुरुस्ती असलेली आवृत्ती घ्यावी. ‘आर’मध्ये `clubSandwich` या पॅकेजमधील `CR2` हा पर्याय त्यासाठीच आहे.

एक गोष्ट मात्र करू नये. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र स्थिर गुणांक देऊन त्याच समीकरणात पद्धतीचा परिणाम काढता येत नाही, कारण वर्ग कळला की पद्धत कळतेच आणि दोन्ही परिणाम वेगळे करायला काही उरत नाही.

माझ्याकडे दोनच वर्ग आहेत, एक प्रायोगिक आणि एक नियंत्रित. काय करू?

एम.एड.च्या आणि पीएच.डी.च्या अनेक प्रबंधांचा आराखडा असाच असतो, म्हणून हे उत्तर स्पष्ट देणे भाग आहे. अशा अभ्यासात पद्धतीचा परिणाम आणि वर्गाचे वेगळेपण वेगळे करण्याचा कोणताही सांख्यिकीय मार्ग नाही. प्रत्येक बाजूला एकच वर्ग असल्याने वर्ग एकमेकांपासून किती वेगळे असतात हे मोजायला काही उरत नाही, आणि वर्ग-स्तरावरील स्वाधीनता मात्रा शून्य होते. पूर्वचाचणीत दोन्ही वर्ग सारखे निघाले तरी सत्रभरात शिक्षक, मुलांचा आपसातील प्रभाव आणि चाचणीची परिस्थिती यांमुळे पडलेला फरक शिल्लक राहतो.

उपाय आधी शोधावा लागतो. शक्य असेल तर एकाच वर्गातील विद्यार्थी यादृच्छिकपणे दोन गटांत विभागावेत. ते शक्य नसेल तर दोन्ही बाजूंना निदान काही वर्ग घ्यावेत. माहिती गोळा होऊन गेली असेल, तर गुणांतील फरक वर्णनात्मक स्वरूपात मांडावा आणि पी-मूल्य देऊ नये. दोन वर्गांच्या बारकाईच्या अभ्यासातून शिकण्यासारखे बरेच असते, फक्त ‘०.०१ स्तरावर सार्थक’ हे त्यातले एक नाही.

पूर्वचाचणीचा उपयोग होतो का?

फार होतो. वर्गावर्गांतील फरकाचा मोठा भाग मुले वर्गात आली तेव्हाच ठरलेला असतो आणि पूर्वचाचणी तो पकडते. आपल्या उदाहरणात पूर्वचाचणीने वर्गावर्गांतील प्रचरणाचा तीन-चतुर्थांश आणि वर्गाच्या आतील प्रचरणाचा अर्धा भाग स्पष्ट केला असे समजू. मग २० चे ५ उरतात आणि ८० चे ४०. फरकाची प्रमाण त्रुटी २.१३ वरून १.१३ वर येते. आधीचाच २.५ गुणांचा फरक कायम राहिला तर टी-मूल्य २.२ होते आणि पी-मूल्य ०.०४ च्या आसपास येते.

इतका लाभ दुप्पट विद्यार्थी घेऊनही झाला नव्हता. अट एवढीच की पूर्वचाचणी पद्धत सुरू होण्याआधी घेतलेली असावी आणि ती विश्लेषणात वापरायची हे आधी ठरलेले असावे. निकाल पाहून ती घालायची की वगळायची हे ठरवले, तर फुगलेली सार्थकता दुसऱ्या दाराने आत येते. आणि पूर्वचाचणी घातल्यानंतरही वर्ग प्रतिमानात ठेवावाच लागतो, कारण वर्गावर्गांतील ५ हे प्रचरण अजून शिल्लक आहे.

प्रत्येक वर्गाच्या आतच विद्यार्थी दोन पद्धतींत वाटले, तरीही आराखडा परिणामाने भागायचे का?

नाही. येथे परिस्थिती उलटते. वर्गाचे वेगळेपण दोन्ही गटांना सारखेच लागते आणि वजाबाकीत निघून जाते. वर्ग दुर्लक्षिला तर प्रमाण त्रुटी गरजेपेक्षा मोठी येते आणि खरा परिणामही निसटू शकतो. म्हणून प्रश्न नेहमी एकच विचारावा : पद्धत कोणत्या स्तरावर दिली गेली?

मात्र एक मिश्र प्रकार फसवा आहे. वर्गातील निम्म्या मुलांना लहान गटांत जादा शिकवणी दिली आणि उरलेली मुले जशीच्या तशी राहिली, तर शिकवणीच्या बाजूला नवे समूह तयार होतात. एका मार्गदर्शकाकडची मुले एकमेकांसारखी होऊ लागतात, दुसऱ्या बाजूला असे काही घडत नाही. तेव्हा शिकवणीच्या बाजूपुरता मार्गदर्शकाचा स्तर प्रतिमानात घ्यावा.

वर्ग शाळांत असतात. मग शाळाही घ्यायची का?

पद्धत शाळेला दिली असेल तर शाळा घेतलीच पाहिजे, आणि तेव्हा नमुन्याची खरी संख्या शाळांची असते. पद्धत वर्गाला दिली असून प्रत्येक शाळेत दोन्ही पद्धतींचे वर्ग असतील, तर तुलना शाळेच्या आत होते. अशा वेळी शाळा हा गट म्हणून विश्लेषणात ठेवल्यास अचूकता वाढते.

प्रसिद्ध झालेला लेख वाचताना ही चूक कशी ओळखावी?

आधी स्वाधीनता मात्रा पाहावी. वीस वर्गांच्या अभ्यासात टी-मूल्याशेजारी ५९८ दिसले, तर वर्ग हिशेबात नाहीत. मग वर्गांची संख्या शोधावी. ती पद्धतीच्या प्रकरणात एखाद्या वाक्यात दडलेली असते, कधी ‘चार शाळांतील प्रत्येकी दोन तुकड्या’ अशा रूपात. लेखात वर्गांतर्गत सहसंबंध दिलेला नसेल तर संपादन चाचणीसाठी ०.२० धरून आराखडा परिणाम काढावा आणि दिलेल्या टी-मूल्याला त्याच्या वर्गमूळाने भागावे. आपल्या उदाहरणात ३.०६ भागिले २.६१, म्हणजे १.१७.

हा अंदाजच आहे. पूर्वचाचणी वापरली असेल तर ०.२० हा आकडा जास्त कठोर ठरू शकतो, म्हणून ०.०५ आणि ०.१० धरूनही करून पाहावे. आपल्या आकड्यांत ०.०५ ला टी-मूल्य १.९६ येते आणि ०.१० ला १.५५. अठरा स्वाधीनता मात्रेला ०.०५ स्तरासाठी २.१० लागतात, म्हणजे ०.०५ इतका सौम्य सहसंबंध धरूनही तो निष्कर्ष टिकत नाही. एखाद्या लेखातले टी-मूल्य ७ किंवा ८ असेल तर तो ०.२० धरूनही टिकेल, आणि तेव्हा लेखकाची पद्धत चुकली असली तरी निष्कर्ष सार्थकतेच्या कसोटीवर तग धरतो असे वाचकाने मान्य करावे.